अकाउंट्समधला पाच वर्षांचा गॅप: रेझ्युमेत आणि कव्हर लेटरमध्ये काय लिहायचं

प्रश्न: "मी एम.कॉम. आहे. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत जून 2015 पासून अकाउंट्समध्ये होते. मार्च 2021 मध्ये सासऱ्यांना पक्षाघात झाला म्हणून नोकरी सोडली, पुढे मुलगी झाली आणि परत जाणं राहूनच गेलं. सासरे आता बरे आहेत, मुलगी यंदा शाळेत जायला लागली. मधली पाच वर्षं रेझ्युमेत आणि कव्हर लेटरमध्ये कशी दाखवू? मैत्रीण म्हणते, इतवारीत मामेभावाचं हार्डवेअरचं दुकान आहे, तिथे अकाउंटंट होते असं लिही, तो लेटर देईल. अर्ज केले तर फोनच येत नाहीत."

ताई, मी बरीच वर्षं बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांसाठी अकाउंट्स, स्टोअर्स आणि परचेसची माणसं निवडते. तुमच्यासारखे रेझ्युमे माझ्यासमोर नेहमी येतात. त्यातले बाजूला पडतात ते गॅपमुळे कमी आणि गॅपबद्दल एक अक्षरही न लिहिल्यामुळे जास्त. 2021 ला शेवटची नोकरी संपते आणि त्यापुढे कोरं, असं दिसलं की वाचणारा आपल्या मनाने काहीतरी धरतो. ढीगभर अर्जांतून आठ-दहा माणसं निवडायची असतात, त्यामुळे फोन करून विचारायला कुणी थांबत नाही.

वाचणाऱ्याच्या मनात तीन शंका असतात. हिने लिहिलेल्या तारखा कागदांशी जुळतील का? हिला आजचं काम येतं का? आणि ही टिकेल का? नोकरी का सोडली हे त्याला हवं असतं, पण एका ओळीत. लोक नेमकं उलट करतात. कारण चार ओळींत लिहितात आणि या तीन शंकांना हातच लावत नाहीत.

मामेभावाच्या दुकानाचं आधी बोलू, कारण तो विचार तुमच्या मनातून आजच जायला हवा. लेटर मिळेल, पण लेटर हा पडताळणीतला सगळ्यात कच्चा कागद आहे. मोठी कंपनी तुमचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, घेते आणि पीएफची सर्व्हिस हिस्ट्री बघते. पगाराच्या पावत्या मागते, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट मागते, कुठे कुठे आयकराचा फॉर्म 26एएससुद्धा मागतात. छोट्या दुकानाला पीएफ नसू शकतो, हे खरं. पण पाच वर्षं पगार घेतला आणि बँकेत त्याची एकही नोंद नाही, हे कुणाला पटणार?

छोट्या, मालक स्वतः चालवत असलेल्या कंपनीत एवढी कागदपत्रं बघत नाहीत. पण तिथे मुलाखत बहुतेक कंपनीचा सीए घेतो, आणि त्याचे प्रश्न साधे असतात. दुकान कंपोझिशनमध्ये आहे की रेग्युलर? रेग्युलर असेल तर जीएसटीचं 3बी रिटर्न दर महिन्याला भरता की क्यूआरएमपीमध्ये तीन महिन्यांनी? क्यूआरएमपी असेल तर मधल्या दोन महिन्यांचा कर कसा भरता? ज्याने दुकानाचे हिशेब खरंच ठेवले आहेत तो हे झोपेतही सांगेल. ज्याने ठेवले नाहीत तो पहिल्याच प्रश्नाला अडतो, आणि मग 2015 ते 2021 चं तुमचं खरं कामही त्याला संशयास्पद वाटू लागतं. ते सगळ्यात मोठं नुकसान. तुमच्याकडे जवळपास सहा वर्षांचा पक्का अनुभव आहे, तो पाच वर्षांच्या खोट्यापायी पणाला लावू नका.

या काळात तुम्ही त्या दुकानाची काही बिलं खरंच टॅलीत चढवली असतील, सीएकडे कागद नेऊन दिले असतील, तर तेवढंच आणि तसंच लिहा: "कुटुंबातील दुकानाच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी, विनामोबदला, अधूनमधून". हे खरं आहे आणि उपयोगाचं आहे. नसेल केलं तर दुकानाचं नावही घेऊ नका.

आता तारखा. रेझ्युमेला हात लावण्याआधी पीएफच्या सदस्य पोर्टलवर यूएएनने लॉगिन करा आणि सर्व्हिस हिस्ट्री बघा. तिथे रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते. आपल्याकडच्या एमआयडीसीत दोन गोष्टी वारंवार दिसतात. एक म्हणजे, सुरुवातीचे काही महिने माणूस कंत्राटदाराच्या नावावर असतो आणि पीएफलाही त्याचंच नाव दिसतं. तुमच्या बाबतीत तसं असेल तर रेझ्युमेत कंपनीच्या नावापुढे "सुरुवातीचा काळ कंत्राटदारामार्फत" असं लिहून टाका. दुसरं म्हणजे, कंपनीने सोडल्याची तारीख भरलेलीच नसते. मग पोर्टलच्या हिशेबाने तुम्ही अजून तिथेच नोकरीला आहात. शेवटचा पीएफ जमा होऊन दोन महिने उलटले असतील तर ही तारीख आधार ओटीपी वापरून स्वतःलाच भरता येते. ती रिलीव्हिंग लेटरवर आहे तीच भरा. ही दुरुस्ती ऑफर हातात आल्यावर करायला बसलात तर रुजू होणं लांबतं.

रेझ्युमेत महिना आणि वर्ष दोन्ही लिहा. नुसतं "2015 – 2021" लिहून काही महिने झाकता येतात असं अनेकांना वाटतं. अर्जाच्या फॉर्ममध्ये महिना विचारतातच, आणि दोन ठिकाणी दोन तऱ्हा दिसल्या की शंका येते. नोकरीच्या पोर्टलवरचं प्रोफाइल, लिंक्डइन, कंपनीचा फॉर्म आणि रेझ्युमे, चारही ठिकाणी तारखा सारख्याच असू द्या. करिअर ब्रेकची नोंद करायची वेगळी सोयच लिंक्डइनवर आहे, ती वापरा.

कुणी सांगेल की तारखा खाली ढकला, वर नुसती कौशल्यांची यादी द्या. अकाउंट्ससाठी तरी असं करू नका. असा रेझ्युमे आला की मी सगळ्यात आधी तारखाच शोधते, आणि माझ्या ओळखीतले बाकीचेही तेच करतात. नोकऱ्यांचा क्रम नेहमीसारखा उलटा ठेवा, सगळ्यात अलीकडचं वर. तुमचं अलीकडचं म्हणजे हा ब्रेक, म्हणून तो वर येईल. येऊ द्या. नोकरीची नोंद जशी लिहितो तशीच त्याचीही लिहायची:

> करिअर ब्रेक, एप्रिल 2021 ते आजपर्यंत
> कुटुंबातील आजारपण आणि त्यानंतर अपत्यसंगोपन यासाठी पूर्णवेळ नोकरीतून थांबले. ही जबाबदारी आता पूर्णवेळ नोकरीच्या आड येत नाही.
> या काळातील उजळणी: (खऱ्या गोष्टी, तारखेसह)

तुमचा रेझ्युमे इंग्रजीत असेल, तर हे इंग्रजीत करून घ्या, पण लांबी एवढीच ठेवा. पक्षाघात हा शब्द लिहायची गरज नाही. कोणत्या हॉस्पिटलात होते, किती दिवस होते, हेही नको. लपवायचं म्हणून नव्हे. आजाराचा तपशील वाचला की मुलाखत घेणारा मुलाखतीत आजाराबद्दल बोलत बसतो, आणि तुम्हाला त्या वीस मिनिटांत बँक रिकन्सिलिएशनबद्दल बोलायचं असतं.

"घर सांभाळताना वेळेचं नियोजन आणि संकटाला तोंड देणं शिकले" हे वाक्य हल्ली फार दिसतं. तुम्ही सासऱ्यांचं केलंत ते मोठंच आहे. पण अकाउंट्सच्या रेझ्युमेत हे वाक्य काही काम करत नाही, कारण ते तपासता येत नाही. ब्रेकबद्दल सकारात्मक लिहायचं म्हणजे ब्रेकला कौशल्याचं नाव द्यायचं असं नाही. ब्रेक संपला आहे आणि आज मी अमुक काम करू शकते, हे दिसणं म्हणजे सकारात्मक. यावरून आपण त्या तिसऱ्या, रिकाम्या ओळीकडे येतो. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात अवघड भाग तो आहे.

तुम्ही मार्च 2021 मध्ये टेबल सोडलंत. त्यानंतर अकाउंट्सचं रोजचं काम किती बदललं ते बघा. तुमची कंपनी वर्षाला पंधरा कोटींची उलाढाल करणारी होती असं धरू. त्या मार्चमध्ये ई-इन्व्हॉइस शंभर कोटींच्या वरच्यांनाच होतं, म्हणजे तुम्ही कदाचित एकही आयआरएन, म्हणजे ई-इन्व्हॉइस पोर्टल बिलाला देतं तो क्रमांक, काढलेला नसेल. ऑक्टोबर 2022 मध्ये ही मर्यादा दहा कोटींवर आली आणि ऑगस्ट 2023 मध्ये पाच कोटींवर. आज त्या कंपनीतल्या टेबलावर दर बी-टू-बी बिलाला आयआरएन आणि क्यूआर कोड लागतो. इनपुट क्रेडिटचंही तसंच. पुरवठादारांनी रिटर्नमध्ये दाखवलेली बिलं जीएसटीआर-2बीमध्ये दिसतात. तुमच्या वेळी या 2बीमध्ये न दिसणाऱ्या बिलांचं क्रेडिटही पाच टक्क्यांच्या मर्यादेत घेता यायचं. जानेवारी 2022 पासून ती सवलत गेली. जे 2बीमध्ये दिसतं तेवढंच क्रेडिट, त्यामुळे पुरवठादाराच्या मागे लागून त्याचं रिटर्न भरवून घेणं हा आता परचेस अकाउंटंटच्या कामाचा मोठा भाग झाला आहे.

तिसरी गोष्ट, जी मुलाखतीत हमखास निघते, ती आयकराच्या कलम 43बी(एच) ची. आर्थिक वर्ष 2023-24 पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15. मुदत चुकली तर त्या वर्षी खर्चाची वजावट मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देऊ त्या वर्षी मिळते. म्हणून आज क्रेडिटर्सच्या यादीत कोण उद्यम नोंदणीवाला आहे हे वेगळं ठेवावं लागतं. हिंगण्याच्या कारखान्यांना छोटे जॉबवर्कवाले ढिगाने लागतात, त्यामुळे इथे हा विषय रोजचाच. शिवाय 1 एप्रिल 2026 पासून आयकराचा नवा कायदाच लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, तेव्हा जुन्या क्रमांकाबरोबर नवा कोणता हेही बघून ठेवा.

हे वाचून घाबरू नका. यात तुम्हाला न समजण्यासारखं काही नाही, पाया तुमचा पक्का आहे. पण "जीएसटीचं ज्ञान" असा मोघम शब्द 2021 मध्ये थांबलेल्या माणसाने लिहिला की वाचणारा तो 2021 चाच समजतो. "2बीशी खरेदी खातं जुळवणं" असं लिहिलं की त्याला कळतं, हिने आत्ताचं काम बघितलं आहे.

हे लिहिता यावं म्हणून आधी करावं लागेल. माझा सल्ला असा की महिना-दोन महिने द्या. टॅलीप्राइमचं एज्युकेशनल मोड फुकट मिळतं. त्यात महिन्याच्या ठरावीक तारखांनाच, पहिल्या-दुसऱ्या आणि शेवटच्या, नोंदी करता येतात, पण हात बसायला तेवढं पुरतं. तुम्ही ईआरपी 9 वर काम केलं असेल तर सुरुवातीला मेन्यू शोधण्यात वेळ जाईल, मग जमतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे धरमपेठ, सीताबर्डी, महाल, जिथे तुम्हाला जवळ पडेल तिथल्या एखाद्या सीए किंवा करसल्लागाराच्या ऑफिसात विचारा. मासिक भरणाऱ्यांचं जीएसटीआर-1 अकरा तारखेला असतं आणि 3बी वीस तारखेला. त्यामुळे महिन्याच्या पाच ते वीस तारखेदरम्यान या ऑफिसांना बिलं चढवायला आणि 2बी जुळवायला माणूस हवाच असतो. अर्धा दिवस जाईन म्हणा, थोडं मानधन मिळालं तर उत्तम. दोन-तीन महिन्यांनी सीएच्या लेटरहेडवर काय काम केलं ते लिहून घ्या. हा कागद कुणालाही फोन करून तपासता येतो, आणि मामेभावाच्या लेटरपेक्षा त्याचं वजन कितीतरी जास्त. सगळ्यांना असं ऑफिस मिळेलच असं नाही. पहिल्या दोघा-तिघांनी नाही म्हटलं तर पुढे विचारत राहा, रिटर्नच्या आधीच्या आठवड्यात होकार मिळण्याची शक्यता जास्त.

मग तिसरी ओळ अशी भरेल:

> उजळणी: टॅलीप्राइमवर सराव, सीए कार्यालयात अर्धवेळ काम (महिना, वर्ष): खरेदी नोंदी, 2बी जुळवणी, ई-इन्व्हॉइस, सूक्ष्म-लघु पुरवठादारांची थकबाकी यादी.

सीएकडे काम मिळालं तर ते ब्रेकमध्ये न घालता वर स्वतंत्र नोकरी म्हणून, "अर्धवेळ" असं स्पष्ट लिहून, दिलं तरी चालेल. मला तेच जास्त आवडेल. तसं केलंत तर ब्रेकच्या ओळीतलं "ते आजपर्यंत" बदलून तो सीएकडे जाण्याआधीच्या महिन्यात संपवा.

हिंगण्याची नोकरी लिहितानाही "अकाउंट्सची सर्व कामं" लिहून सोडू नका. महिन्याला साधारण किती खरेदी बिलं तुमच्या हाताखालून जायची, किती बँक खाती जुळवायच्या, स्टॅच्युटरी ऑडिटच्या वेळी कोणते शेड्यूल तुम्ही करून द्यायच्या, हे आठवून लिहा. आणि रेझ्युमेच्या शेवटी आपल्याकडे पतीचं नाव, वैवाहिक स्थिती, मुलांची माहिती लिहायची सवय आहे, ती काढून टाका. त्या माहितीचा कामाशी संबंध नाही.

कव्हर लेटरकडे येऊ. नागपुरात बहुतेक ठिकाणी कव्हर लेटर म्हणजे ईमेलचाच मजकूर. रेझ्युमे जोडून "प्लीज फाइंड अटॅच्ड" एवढंच लिहिलेले मेल मला रोज येतात. तिथे सात-आठ ओळी नीट लिहिल्या तरी तुम्ही वेगळ्या दिसता. पण सुरुवात ब्रेकने करू नका. आधी तुम्ही काय काम करता, मग ब्रेक दोन वाक्यांत, मग आजची तयारी, शेवटी कधीपासून येऊ शकता. नमुना देते, तुमच्या खऱ्या तपशिलांनी बदलून घ्या:

> महोदय,
> अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह या पदासाठी अर्ज करीत आहे. हिंगणा एमआयडीसीतील उत्पादन कंपनीत जून 2015 ते मार्च 2021 मी खरेदी खाती, बँक रिकन्सिलिएशन आणि जीएसटी रिटर्नची तयारी हे काम पाहिले.
> कुटुंबातील आजारपण आणि त्यानंतर अपत्यसंगोपन यासाठी मी एप्रिल 2021 पासून नोकरीतून थांबले होते. आता मी पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध आहे.
> सध्या एका सीए कार्यालयात अर्धवेळ 2बी जुळवणी आणि ई-इन्व्हॉइसचे काम करीत आहे. आपल्या जाहिरातीत पुरवठादारांच्या खात्यांचा उल्लेख आहे. माझा बहुतांश अनुभव त्याच कामाचा आहे.
> निवड झाल्यास सात दिवसांत रुजू होऊ शकेन. रिलीव्हिंग लेटर आणि पीएफची नोंद उपलब्ध आहे.

यात माफी नाही, "कृपया संधी द्यावी" नाही. शेवटची ओळ मुद्दाम आहे. दुसऱ्या उमेदवाराला एक ते तीन महिन्यांचा नोटीस पिरियड असतो, आणि मार्चच्या तोंडावर अकाउंटंट गेलेल्या कंपनीला सात दिवसांत येणारा माणूस फार मोलाचा वाटतो. तुमच्या ब्रेकमुळेच तुम्हाला हे लिहिता येतं. सीएकडचं काम सोडायला जेवढे दिवस लागतील तेवढे धरून आकडा लिहा.

"टिकेल का" या शंकेचं उत्तर मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ते फक्त तुम्हाला माहीत. सासऱ्यांना अजून फिजिओथेरपीला न्यावं लागतं का? महिनाअखेरीला, ऑडिटच्या दिवसांत आठ वाजेपर्यंत थांबता येईल का? बुटीबोरी शहरापासून तीसेक किलोमीटर, कंपनीची बस सकाळी लवकर निघते आणि संध्याकाळी उशिरा सोडते. हिंगणा रोडला निदान लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आहे. जमणार नसेल तर बुटीबोरीला अर्जच करू नका. "उपलब्ध आहे" लिहून तिसऱ्या महिन्यात सोडलंत तर पुढच्या रेझ्युमेत दोन गॅप होतील, आणि दुसरा समजावून सांगणं खूप कठीण. मर्यादा असेल तर ती पत्रात नको, पहिल्या फोनवर सांगा: "मला एरवी साडेसहापर्यंत थांबता येईल, महिनाअखेरीच्या दिवसांत त्याहून उशिरापर्यंत." काही जण नाही म्हणतील. जे हो म्हणतील तिथे तुम्ही टिकाल.

माझा हा सल्ला तुमच्या कारणासाठी आहे. स्वतःच्या आजारपणामुळे थांबलेल्यांनी "वैद्यकीय कारण, आता पूर्ण बरी" एवढंच लिहावं. कंपनी बंद पडली किंवा कपात झाली असेल तर ते जसंच्या तसं लिहावं, त्यात कमीपणा नाही. तिन्ही शंकांची उत्तरं मात्र त्यांनाही द्यावी लागतात.

मुलाखतीत ब्रेकबद्दल विचारलं तर पत्रातलीच दोन वाक्यं बोला आणि लगेच कामावर या: "...आणि सध्या मी 2बी जुळवणी करते आहे." शेवटचा पगार विचारला तर 2021 चा खरा आकडा, तो 2021 चा आहे असं सांगूनच द्या. अपेक्षा मात्र आजच्या बाजारावर सांगा, जुन्या आकड्यावर टक्के चढवू नका. "परत मूल झालं तर?" असं कुणी विचारलंच, तर "मी दीर्घकाळासाठी नोकरी शोधते आहे" एवढं उत्तर पुरे. त्यापुढे काही सांगायला तुम्ही बांधील नाही.

फोन येत नाहीत याचं आणखी एक साधं कारण असू शकतं. पोर्टलवर तुमचं प्रोफाइल 2021 चं असेल तर शोधणाऱ्याच्या यादीत तुम्ही फार खाली असता, कारण आम्ही शोधताना अलीकडे अपडेट झालेली प्रोफाइल आधी बघतो. सर्व्हिस हिस्ट्री बघून झाली की त्याच दिवशी प्रोफाइलमध्ये ब्रेकची नोंद करा, सध्याचा मोबाइल नंबर टाका आणि "टॅलीप्राइम", "ई-इन्व्हॉइस", "2बी रिकन्सिलिएशन" हे शब्द सराव झाल्यावर घाला. सर्व्हिस हिस्ट्रीत काही वेगळं दिसलं, कंत्राटदाराचं नाव किंवा चुकीची तारीख, तर इथेच लिहा. रेझ्युमेत ते कसं मांडायचं ते बघू.